पाच वाजता पश्चिमेची काच: कर्टन वॉलचं वर्णन लिहिण्याआधीची तयारी

कर्टन वॉल म्हणजे इमारतीच्या सांगाड्यावर बाहेरून टांगलेली काचेची भिंत. अशा काचेच्या इमारतीचा रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं हुबेहूब चित्र, मागवताना ब्रीफमध्ये हमखास एक वाक्य असतं: 'काच चकचकीत आणि पारदर्शक हवी, त्यात आकाश दिसावं.' रेंडर करणाऱ्याला यातून काहीच हाती लागत नाही. एकाच काचेवर आकाशही लख्ख दिसावं आणि आतली माणसंही स्वच्छ दिसावीत, असं दिवसाउजेडी सहसा होत नाही. कुठे काय दिसणार हे आधी कागदावर काढावं लागतं, आणि ते जितकं आतल्या दिव्यांवर ठरतं, त्याहून जास्त काचेसमोर काय उभं आहे यावर ठरतं.

म्हणून पहिली तयारी जागेची आणि वेळेची. उदाहरणादाखल मुंबईतली पश्चिमाभिमुख ऑफिसची इमारत घेऊ. एका मजल्याची उंची 4 मीटर. समोर 50 मीटरवर 20 मीटर उंचीची जुनी, लांबलचक इमारत. कॅमेरा काचेपासून 40 मीटरवर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. वेळ डिसेंबरच्या मध्याची, संध्याकाळचे पाच. त्या वेळी मुंबईत सूर्य क्षितिजापासून साधारण 12 अंश वर आणि पश्चिमेपासून 30 अंश दक्षिणेला असतो. कुठल्याही सूर्यमार्गाच्या ॲपमध्ये हे आकडे मिळतात. 'संध्याकाळचं ऊन' एवढंच लिहिलं तर रेंडर करणारा त्याला आवडेल तिथे सूर्य ठेवेल.

मग एक साधा काटछेद काढायचा. समोरची इमारत आरशातल्यासारखी काचेच्या पलीकडे 50 मीटरवर उलटवून ठेवायची आणि डोळ्यापासून तिच्या माथ्यापर्यंत रेघ मारायची. ही रेघ काचेला जिथे छेदते तिथे प्रतिबिंबातली इमारत संपते. आपल्या उदाहरणात ती जागा येते जेमतेम 10 मीटरवर, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या मध्यावर. इमारत 20 मीटरची म्हणून प्रतिबिंबही काचेवर 20 मीटरपर्यंत चढवलेलं मी अनेक रेंडरमध्ये पाहिलंय. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. या रेघेच्या वर काचेत फक्त आकाश, आणि तेही कॅमेऱ्याच्या पाठीमागचं. इमारतीच्या मागे दिसणारं निळसर पूर्वेचं आकाशच काचेवर चिकटवणं ही या कामातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक. पाच वाजता पश्चिमेचं आकाश धुरकट, पिवळट आणि कितीतरी उजळ असतं.

सावलीची रेघ वेगळी काढायची. समोरच्या इमारतीची सावली आपल्या काचेवर साधारण साडेसात मीटरपर्यंत चढते. तिच्या वर थेट ऊन. या दोन रेघा हातात आल्या की दर्शनी भागाचे पट्टे आपोआप पडतात.

आता उजेडाचा हिशोब. काचेची डेटाशीट मागवून ठेवा. तिच्यातले दोनच आकडे लागतात, बाहेरच्या बाजूचं परावर्तन आणि आरपार जाणारा प्रकाश. आपण 15 आणि 45 टक्के धरू. सूर्याच्या बाजूच्या आकाशाचा उजळपणा 5000 कँडेला प्रति चौरस मीटर धरला तर काचेत ते 750 दिसेल. आत 400 लक्सच्या दिव्याखालची पांढरट भिंत असते 90च्या आसपास, आणि काचेतून बाहेर येते ती 40. साडेसातशेपुढे चाळीस म्हणजे काहीच नाही. त्यामुळे वरच्या मजल्यांवर ब्लाइंड उघडे असतील तिथे आतलं काही दिसणार नाही, नुसतं आकाश. खाली मात्र काचेसमोर जुन्या इमारतीची सावलीतली बाजू आहे. ती 400 धरली तर तिचं प्रतिबिंब 60 भरतं. साठ आणि चाळीस हे तुल्यबळ आहेत, म्हणून तळमजला आणि पहिला मजला इथे खिडक्यांच्या प्रतिबिंबातून आतले दिवे, खांब, माणसांच्या आकृत्या अर्धवट दिसतील. पारदर्शकता दाखवायची हौस असेल तर ती इथे भागवा.

ब्लाइंड विसरू नका. पश्चिमेच्या ऑफिसात पाच वाजता निम्मे ब्लाइंड खाली असतात, आणि ज्यांच्यावर थेट ऊन पडतं ते पांढरे ब्लाइंड आकाशाच्या प्रतिबिंबालाही पुरून उरतात. साडेसात ते दहा मीटरच्या अरुंद पट्ट्यात तर प्रतिबिंब काळं आणि ब्लाइंड उन्हात, त्यामुळे तिथे ते सगळ्यात ठळक दिसतील. मजल्यांमधले स्पॅन्ड्रेलचे, म्हणजे स्लॅब झाकणाऱ्या अपारदर्शक काचेचे, पट्टे प्रतिबिंब तेच दाखवतात, पण मागे खोली नसते. तळाच्या भागात ते आजूबाजूच्या काचेपेक्षा गडद आणि सपाट दिसले पाहिजेत.

कोनाचा परिणाम एका ओळीत लिहिला तरी पुरे, पण लिहायचाच. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर समोरून बघताना 4 टक्क्यांच्या आसपास परावर्तन होतं, 60 अंशांच्या तिरपेपणात 9, आणि 80 अंशांत 40पर्यंत जातं. म्हणजे मधल्या भागात फरक जाणवतच नाही. दूरच्या टोकाकडे मात्र दर्शनी भाग झपाट्याने आरसा होत जातो. टोकापर्यंत सगळीकडे सारखीच पारदर्शकता दिसली की समजावं, मटेरियलमध्ये फ्रेनेल, म्हणजे कोनानुसार परावर्तन बदलण्याची सोय, बंद आहे किंवा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे काचेचा अपवर्तनांक, 1.52 ऐवजी भलताच टाकलाय.

सूर्याचं प्रतिबिंब कुठे चमकेल तेही मोजता येतं. आपल्या कॅमेऱ्याला ते बरोबर समोरच्या जागेपासून उजवीकडे 23 मीटरवर, जमिनीपासून पावणेबारा मीटर उंचीवर दिसेल. एकाच जागी. दर्शनी भागावर चार ठिकाणी चमक टाकायला चार सूर्य लागतील.

आता विस्कळीतपणा, ज्याच्यावाचून काच प्लॅस्टिकची वाटते. रेंडरवाले प्रतिबिंब मऊ करायला रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, वाढवतात. त्याने काच दुधी होते. खऱ्या काचेतलं प्रतिबिंब तीक्ष्णच असतं, फक्त वाकडं असतं. टेम्पर्ड काच रोलरवरून जाताना तिच्यात बारीक आडव्या लाटा उरतात, आणि प्रत्येक पॅनेल किंचित वेगळ्या कोनात बसलेलं असतं. पॅनेल 0.2 अंशाने कललं तर प्रतिबिंब 0.4 अंशाने फिरतं. 60 मीटरवरच्या वस्तूसाठी ही सरक 40 सेंटीमीटरच्या वर जाते. म्हणून समोरच्या इमारतीचा सज्जा म्युलियनपाशी, म्हणजे दोन पॅनेलमधल्या उभ्या पट्टीपाशी, तुटून पुढच्या पॅनेलमध्ये थोडा वरखाली सुरू होतो. डबल ग्लेझ्ड पॅनेलमधली हवा सीलबंद असल्याने बाहेरचा दाब आणि तापमान बदललं की काचा किंचित आत किंवा बाहेर फुगतात. त्यांनी परतवलेलं ऊन समोर चौकोनी पडत नाही, फुलीसारखं किंवा कडीसारखं पडतं. आपल्या चित्रात रस्ता सावलीत आहे, त्यामुळे कॅमेऱ्यापुढच्या दहाएक मीटरांत असे दोन-चार फिकट कवडसे पडलेच पाहिजेत. (लंडनमधल्या 20 फेनचर्च स्ट्रीटच्या अंतर्वक्र दर्शनी भागाने 2013 मध्ये असंच ऊन एकवटून खाली उभ्या गाडीचे भाग वितळवले होते. सपाट दर्शनी भागात ती भीती नाही.)

एवढं जमलं की वर्णन सहा वाक्यांत बसतं: 'तळाच्या दोन मजल्यांवर समोरच्या इमारतीचं गडद प्रतिबिंब, त्यातून आतले दिवे अर्धवट दिसतात. दहा मीटरच्या वर पश्चिमेचं पिवळट धुरकट आकाश; उघड्या ब्लाइंडमागे काही दिसत नाही, बंद ब्लाइंड फिके पांढरे. सूर्याची एकच चमक उजवीकडे दुसऱ्या मजल्यावर. प्रतिबिंबं तीक्ष्ण, पण दर पॅनेलला तुटलेली, आडवी लहरणारी. डाव्या-उजव्या टोकांकडे काच जास्त आरशासारखी. रस्त्यावर फुलीच्या आकाराचे फिकट कवडसे.'

क्लायंटने ऐन वेळी 'संधिप्रकाशातला करा' म्हटलं तर यातलं फक्त पॅनेलचं वाक्य टिकतं. आकाश मावळून 50 कँडेलावर आलं की प्रतिबिंब साताठावर उतरतं, आतली 40 तशीच राहते, आणि मग ब्लाइंडमागचं फर्निचरसुद्धा मॉडेल करावं लागतं. त्याचं कोटेशन वेगळं द्या.