गॅन चार्जर लहान का आणि गार का: दोन चार्जर शेजारी ठेवून स्वतःच पारखा

‘गॅन चार्जर तापत नाही’ असं ऐकून आणलेला ६५ वॅटचा छोटा चार्जर लॅपटॉपला लावला, की अर्ध्या तासात तो हाताला चांगलाच कढत लागतो. मग वाटतं, फसलो. फसलेलो नसतो, पण ऐकलेलं वाक्य अर्धंच असतं. पूर्ण गोष्ट समजून घ्यायला दोन चार्जर, एक पट्टी आणि थोडी आकडेमोड पुरते. एक चार्जर जुना, सिलिकॉनचा, आणि एक गॅलियम नायट्राइडचा, म्हणजे ज्याला सगळे गॅन म्हणतात तो. दोन्ही यूएसबी-सीचे आणि दोन्ही ६५ वॅटचे हवेत.

पायरी १: वॅट खरंच सारखे आहेत ना, ते बघा

चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत आउटपुटच्या जोड्या छापलेल्या असतात. त्यातली सर्वांत मोठी बघा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५ वॅट. खोक्यावरचा मोठा आकडा मात्र कधीकधी सगळ्या पोर्टांची बेरीज असतो. एका पोर्टवर ४५ वॅट देणारा चार्जर ६५ वाल्याशेजारी ठेवून ‘बघा किती लहान’ म्हणण्यात अर्थ नाही.

पायरी २: मापं घ्या आणि घनफळ काढा

पिना सोडून लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा. उदाहरणाला ही मापं धरू: सिलिकॉनचा ठोकळा १०.५ × ४.५ × २.८, म्हणजे सुमारे १३२ घन सेंटिमीटर. गॅनचा ५.५ × ४.५ × ३, म्हणजे सुमारे ७४. काम तेच, जागा जवळपास निम्मी. ही निम्मी जागा गेली कुठे?

चार्जर उघडून बघायचा मोह आवरा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि चार्जर भिंतीवरून काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात. आत काय चालतं ते कागदावर बघू.

पायरी ३: खेपा मोजा

भिंतीतून आलेली वीज आधी एकदिश होते आणि त्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथून ती ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे न्यायची असते, आणि हे काम सलग होत नाही. एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. दर वेळी ट्रान्सफॉर्मर थोडी ऊर्जा भरून घेतो आणि पलीकडे ओततो. विहिरीवरून घागरीने पाणी आणावं तसं.

आता हिशेब. ६५ वॅट म्हणजे सेकंदाला ६५ ज्यूल. जुना स्विच सेकंदाला ६५,००० खेपा मारतो असं धरा (जुन्या चार्जरमध्ये हा आकडा साधारण ६५ ते १०० हजारांत असे). मग दर खेपेला १ मिलिज्यूल न्यावा लागतो. तोच स्विच चौपट वेगाने, म्हणजे २,६०,००० वेळा चालला, तर खेपेला पाव मिलिज्यूल पुरतो. घागर गेली, तांब्या आला. ट्रान्सफॉर्मरचा गाभा आणि पलीकडचे छोटे कपॅसिटर लहान होतात ते यामुळे.

म्हणजे चार्जर लहान होतो तो गॅनच्या चिपमुळे नव्हे. चिप आधीही नखाएवढीच होती. लहान होतो तो वेगामुळे, आणि वेग परवडतो तो गॅनमुळे. दोन्हींतला हा फरक कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

पायरी ४: दर खेपेला किती सांडतं ते बघा

मग सिलिकॉनचाच स्विच चौपट वेगाने का चालवला नाही? कारण दर खेपेला थोडं सांडतं. स्विच चालू होताना क्षणभर त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून प्रवाहही वाहत असतो. शिवाय स्विचच्या अंगातच थोडा विद्युतभार साठलेला असतो, तो दर वेळी भरावा आणि रिता करावा लागतो. या दोन्हींची उष्णता होते. एका खेपेत ती नगण्य असते, पण खेपा लाखांत आहेत.

समजा सिलिकॉन खेपेला १२ मायक्रोज्यूल सांडतो. ६५,००० खेपांना पाऊण वॅटच्या वर थोडं जातं, तेवढं चालतं. तोच २,६०,००० खेपांना लावला तर ३ वॅटच्या वर, तेही एका छोट्या चिपमध्ये. आता गॅन खेपेला ३ मायक्रोज्यूलच सांडतो असं धरा. चौपट खेपा मारूनही सांडणं जुन्याइतकंच राहिलं. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. खऱ्या चिपनुसार आणि सर्किटच्या रचनेनुसार ते बदलतात, पण गणित असंच चालतं.)

गॅन कमी का सांडतो, याचं उत्तर पदार्थात आहे. स्विच बंद असताना त्याला शेकडो व्होल्ट अडवून धरायचे असतात. सिलिकॉनच्या तुलनेत गॅलियम नायट्राइड सुमारे १० पट तीव्र विद्युतक्षेत्र सोसतं. त्यामुळे तेवढेच व्होल्ट अडवायला त्याला फार कमी अंतर पुरतं. भिंत पातळ, म्हणून चालू असताना प्रवाहाची वाट आखूड आणि रोध कमी. तेवढाच रोध मिळवायला चिपही लहान चालते, आणि चिप लहान म्हणजे तिच्या अंगात साठणारा, दर खेपेला वाया जाणारा भारही कमी. सगळं एकातून एक निघतं. गॅन काही चार्जरसाठी शोधलेलं नाही. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ती याच पदार्थाची. गंमत म्हणजे चार्जरमधल्या गॅनचा पातळ थर बहुधा सिलिकॉनच्याच चकतीवर वाढवलेला असतो.

पायरी ५: उष्णतेचा हिशेब उरलेल्यावर करा

कार्यक्षमता ९० टक्क्यांवरून ९३ वर गेली, हे ऐकायला किरकोळ वाटतं. म्हणून ती सोडून द्या आणि वाया किती जातं ते बघा. ९० टक्क्यांना ६५ वॅट द्यायला भिंतीतून ७२.२ वॅट घ्यावे लागतात, म्हणजे ७.२ वॅटची उष्णता. ९३ टक्क्यांना घ्यावे लागतात ६९.९, उष्णता ४.९ वॅट. तीन टक्क्यांच्या फरकाने उष्णता जवळपास एकतृतीयांश घटली.

मात्र हे सगळं श्रेय गॅनच्या खात्यावर लिहू नका. जुन्या चार्जरमध्ये आउटपुटच्या बाजूला बऱ्याचदा डायोड असे. त्यावर अर्धा व्होल्ट जरी पडला, तरी ३.२५ अँपिअरला दीड वॅटहून जास्त तिथेच जातो. नव्या चार्जरमध्ये त्या जागी सिलिकॉनचाच एक स्विच असतो आणि नुकसान त्याच्या छोट्याशा हिश्शावर येतं. जुन्या-नव्याच्या तुलनेत ही सुधारणाही मिसळलेली असते.

पायरी ६: पृष्ठभागाने भागा

सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. हाताला जाणवतं ते तापमान, आणि ते नुसत्या उष्णतेवर ठरत नाही. ती उष्णता किती पृष्ठभागातून बाहेर पडते, यावर ठरतं. आपल्या उदाहरणातल्या मोठ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर, लहानाचा सुमारे ११०. उष्णतेला त्याने भागलं तर मोठ्यावर दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिवॅट आणि लहानावर ४५.

स्थिर हवेत ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅटमागे १ अंश सेल्सिअस तापमान वाढतं. खोली ३० अंशांवर असेल तर मोठा ठोकळा ७० अंशांच्या आसपास जाईल, लहान ७५ च्या. म्हणजे एकतृतीयांश उष्णता कमी करूनही छोटा चार्जर हाताला किंचित जास्तच गरम!

आता जुन्याचे ७.२ वॅट त्याच छोट्या डबीत कोंबून बघा. ६६ मिलिवॅट, म्हणजे ९६ अंश. असा चार्जर कुणी विकायला काढणार नाही. तेव्हा पूर्ण वाक्य असं होतं: त्याच आकारात गॅन गार राहतो, आणि आकार निम्मा केला तर साधारण जुन्याइतकाच तापतो. वाचलेली उष्णता आकार कमी करण्यात घालवायची की तापमान कमी करण्यात, हे चार्जर बनवणारा ठरवतो. गार चार्जरच हवा असेल तर दुकानातला सर्वांत चिमुकला उचलू नका. तेवढ्याच वॅटचा थोडा मोठा गॅन बघा.

पायरी ७: मोजायचंच असेल तर

भिंतीच्या सॉकेटमध्ये एक वॅटमीटर आणि पलीकडे एक यूएसबी-सी मीटर लावा. लॅपटॉपची बॅटरी २० टक्क्यांच्या आसपास असताना सुरू करा आणि त्याच्यावर काहीतरी जड काम चालू ठेवा. बॅटरी भरत आली की लॅपटॉप वीज कमी घेतो आणि तुलना कोलमडते. पहिली २०-३० मिनिटं नुसतं तापू द्या, मग दोन्ही आकडे एकाच वेळी टिपा. वजाबाकी म्हणजे उष्णता.

यूएसबी मीटर चार्जरच्या तोंडाशीच लावा. मी पहिल्यांदा तो केबलच्या लॅपटॉपकडच्या टोकाला लावला, आणि एक चांगला चार्जर मला दोन वॅटने वाईट दिसला. केबलचा जाण्या-येण्याचा रोध ०.२ ओहम जरी धरला, तरी ३.२५ अँपिअरला केबलमध्येच २.१ वॅट जातात. ते नुकसान केबलचं, चार्जरचं नाही. दुसरी खबरदारी मीटरची. ७० वॅटवर २ टक्के चूक म्हणजे १.४ वॅट, आणि आपण शोधतोय तो फरकच २.३ वॅटचा. म्हणून दोन्ही चार्जर त्याच मीटरच्या जोडीवर मोजा. फरक बराचसा खरा येतो, एकेकटा आकडा तेवढा विश्वासाचा नसतो.

तापमानासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल, तर चकचकीत भागावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखा. चकाकीवर तो खूप कमी दाखवतो. आणि पृष्ठभागावर सगळीकडे फिरवून बघा. आपला हिशेब सरासरीचा आहे, प्रत्यक्षात एखादी बाजू १० अंशांनी वरचढ निघू शकते.

लहान होण्याची हद्द

वेग चौपट झाला म्हणून डबी पावपट होत नाही, हे मापांतही दिसलंच. तो मोठा कपॅसिटर स्विचच्या वेगाशी बांधलेला नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि त्या फटी त्यालाच भरून काढाव्या लागतात. ६५ वॅटच्या चार्जरला साधारण १०० मायक्रोफॅरडच्या घरातला, ४०० व्होल्टचा नळकांड्यासारखा कपॅसिटर लागतो, मग स्विच कुठल्याही पदार्थाचा असो. पिना, आणि भिंतीकडची बाजू यूएसबीपासून सुरक्षित अंतरावर ठेवणारी रिकामी जागा, याही आटत नाहीत.

कमी वॅटमध्ये तर फरक आणखी पुसट होतो. २० वॅटच्या फोन चार्जरमध्ये वाया जाणारी उष्णताच दोन वॅटच्या आसपास असते. त्यातली एकतृतीयांश वाचली तरी अर्धा-पाऊण वॅटचा प्रश्न, आणि डबीचा बराच भाग पिना आणि सॉकेटनेच व्यापलेला. तिथे खोक्यावर गॅन लिहिलंय की नाही, हे हाताला कळणं अवघडच.