आल्याची मर: पाण्याची दिशा बदलल्यावर

सातारा जिल्ह्यातील माझ्या आल्याच्या प्लॉटमध्ये पावसाळ्यात काही गड्ड्यांची पाने गुंडाळून पिवळी पडू लागली, तेव्हा मी ती नेहमीची कंदकुज समजून बुरशीनाशकाची आळवणी केली. फरक पडला नाही. मग मर लागलेल्या खोडाचा बुडाकडील तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात कापलेली बाजू खाली करून लटकवला. काही मिनिटांतच त्यातून दुधाळ धागे खाली उतरले. बुरशीजन्य कुजीत असे धागे दिसत नाहीत. ही राल्स्टोनिया जिवाणूची मर होती.

रोगट गड्डे पाटाच्या पाण्याच्या वाटेवर रांगेने पसरलेले होते, म्हणून मी प्रथम पाट बंद करून ठिबक सुरू केले आणि बाधित भागातून खाली जाणारे पावसाचे पाणी चर काढून वळवले. रोगट गड्डे भोवतालच्या मातीसह पोत्यात भरून बाहेर नेले. ते बांधावर टाकणे म्हणजे पुढच्या सरीने पुन्हा शेतात आणणेच होते. त्या भागात काम शेवटी ठेवले आणि खुरपी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवली, कारण चिखल राहिल्यास क्लोरीन निष्प्रभ होते.

वाचलेल्या आल्याचे बेणे मात्र ठेवले नाही, कारण निरोगी दिसणाऱ्या कंदातही जिवाणू लपलेला असू शकतो. त्या जागी पुढे टोमॅटो, बटाटा, मिरचीही टाळली, कारण त्यांनाही राल्स्टोनियाची मर लागते. आधीच मर लागलेले गड्डे वाचले नाहीत. प्रसार मात्र चराच्या वरच्या बाजूलाच थांबला.