बेकरीच्या न्यूजलेटरची सब्जेक्ट लाइन कशी लिहायची, लोक उघडतील पण स्पॅम वाटणार नाही अशी

एका बेकरीचं दर आठवड्याचं न्यूजलेटर मी बरेच दिवस लिहितेय, यादीत साधारण 600 लोक आहेत. सुरुवातीला सब्जेक्ट लाइन सगळ्यात शेवटी, मेल पाठवायच्या आधी दोन मिनिटांत खरडली जायची, आणि तिथेच चुकत होतं. आता मी उलटं करते, आधी सब्जेक्ट लाइन ठरवते आणि मग तिच्याभोवती मेल लिहिते. ते कसं, ते एका खऱ्यासारख्या आठवड्यावरून सांगते.

पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर बंद ठेवून ओव्हनवाल्या माणसाशी बोलायचं. त्याला "ऑफर काय देऊया" असं विचारायचं नाही, "या आठवड्यात वेगळं काय होतंय" एवढंच विचारायचं. समजा तो म्हणाला, अक्रोड घातलेला राय ब्रेड बऱ्याच दिवसांनी करतोय, पीठ 18 तास फ्रिजमध्ये ठेवणार, शनिवारी सकाळी 9 ला पहिली बॅच निघेल, नग 30च होतील कारण राय तेवढंच आलंय. झालं, सब्जेक्ट लाइनचा सगळा माल या चार वाक्यांत आहे, आपल्याला फक्त त्यातलं काय पुढे आणायचं ते ठरवायचंय.

आता लिहायला बसलं की हाताला पहिल्यांदा हमखास हे येतं:

"या आठवड्याची खास ऑफर! ताज्या ब्रेडची मजा लुटा!!!"

हे का नको? नुसत्या उद्गारचिन्हांमुळे नाही. यातला एकही शब्द या आठवड्याचा नाहीये, हीच ओळ कुठलीही बेकरी कुठल्याही आठवड्यात पाठवू शकते. माझी कसोटी तीच आहे, ओळ शेजारच्या बेकरीला जशीच्या तशी चालत असेल तर खोडायची. मग दुसरा प्रयत्न होतो:

"आमच्या बेकरीकडून शनिवारची ताजी बातमी"

हे सभ्य आहे पण रिकामं आहे. बेकरीचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी आधीच दिसतंय, ते परत सांगून जागा का घालवायची? आणि "ताजी बातमी" म्हणजे काय ते कळतच नाही. तिसऱ्यांदा बेकरने जे सांगितलं तेच सरळ लिहायचं:

"अक्रोडाचा राय ब्रेड, शनिवारी सकाळी 9 ला"

बस. पदार्थ पहिल्या दोन-तीन शब्दांतच आला, कारण फोनवर सब्जेक्ट लाइनची सुरुवातच दिसते, साधारण 30-40 अक्षरं, पुढचं कापलं जातं, आणि प्रत्येक फोनवर ते कुठे कापेल हे वेगळं असतं. म्हणून महत्त्वाचं शेवटी ठेवायचंच नाही. पाठवण्याआधी स्वतःला आणि घरातल्या कोणाला तरी टेस्ट मेल पाठवून फोनवर बघायचं, देवनागरी ओळ असेल तर नक्कीच, कारण आपली अक्षरं रुंद असतात आणि लॅपटॉपवर छान दिसलेली ओळ फोनवर "अक्रोडाचा राय ब्रेड, शनि..." होऊन बसते. इथे तसं झालं तरी चालेल, पदार्थ कळला.

आता प्रीहेडर, म्हणजे इनबॉक्समध्ये सब्जेक्टच्या पुढे किंवा खाली फिकट अक्षरांत दिसते ती ओळ. ही बहुतेक लोक रिकामी सोडतात, आणि मग मेल ॲप मेलमधला पहिला मजकूर उचलून तिथे टाकतं, तो असतो "मेल नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये उघडा". इतकी छान सब्जेक्ट लाइन आणि शेजारी हे वाक्य, जीव तुटतो बघून. न्यूजलेटरच्या सेटिंगमध्ये प्रीहेडरचा वेगळा रकाना असतो, तिथे सब्जेक्ट लाइन परत लिहायची नाही, उरलेली अर्धी गोष्ट लिहायची:

"एकूण 30 नग. रिप्लाय केलात तर एक तुमच्या नावाने बाजूला ठेवू."

30 हा आकडा खरा आहे म्हणूनच इथे आहे. नग 200 करणार असाल आणि "शेवटचे काही उरलेत" लिहाल, तर एखाद-दोनदा मेल उघडलं जाईल, पण दुपारी दुकानात आलेल्या माणसाला भरलेला शेल्फ दिसतो हो, आणि तो ते विसरत नाही.

हा धडा मी चुकून शिकले. एकदा "तुमचा केक तयार आहे" अशी ओळ पाठवली, आत फक्त नवीन केकची यादी होती. मेल खूप लोकांनी उघडलं, पण दोन जणांनी घाबरून फोन केला की आम्ही ऑर्डरच दिलेली नाही, आणि अनसबस्क्राइब नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झाले. तेव्हापासून खोटं "Re:" नाही, ऑर्डरचा भास नाही, आणि सब्जेक्टमध्ये जे सांगितलं ते मेलच्या पहिल्या स्क्रीनवरच दिसलं पाहिजे, खाली स्क्रोल करून शोधायला लावायचं नाही.

लोक विचारतात की "फ्री" लिहिलं तर मेल स्पॅममध्ये जातं का. एका शब्दाने सहसा जात नाही. जास्त फरक पडतो तो लोकांनी स्पॅमचं बटण दाबल्याने. फेब्रुवारी 2024पासून जीमेलने नियम कडक केलेत, त्यात स्पॅम तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा असं आहे, आणि शक्यतो 0.1च्या खाली. 600 लोकांच्या यादीत 0.3 टक्के म्हणजे जेमतेम दोन माणसं! त्यामुळे फसवी ओळ छोट्या बेकरीला लगेच महागात पडते. अनसबस्क्राइबची लिंक मात्र स्पष्ट ठेवा, कारण ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबून मोकळा होतो.

शेवटी मोजायचं कसं, कारण इथे बरेच जण फसतात. समजा यादीचे दोन भाग केले, 300 लोकांना "अक्रोडाचा राय ब्रेड, शनिवारी सकाळी 9 ला" आणि उरलेल्या 300 जणांना "18 तास फ्रिजमध्ये ठेवलेलं पीठ". पहिलं 93 जणांनी उघडलं, दुसरं 84 जणांनी, म्हणजे 31 टक्के आणि 28 टक्के. पहिली जिंकली? नाही, फरक नऊ माणसांचा आहे, तेवढा नुसत्या योगायोगानेही पडतो. एका आठवड्यावरून काहीच ठरवू नका. एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ "पदार्थ आणि वेळ पुढे" की "बनवण्याची पद्धत पुढे", आणि तोच आठ-दहा आठवडे चालवा, दर वेळी लोकांचे दोन गट नव्याने पाडा, मग बेरीज बघा.

आणि ओपन रेट स्वतःच थोडा फुगलेला असतो. मेल उघडलं हे एका अदृश्य चित्रावरून मोजतात, आणि 2021मध्ये ॲपलच्या मेल ॲपने प्रायव्हसीसाठी ती चित्रं आधीच लोड करायची सोय आणली, त्यामुळे माणसाने न बघितलेलं मेलही उघडलेलं मोजलं जाऊ शकतं. म्हणून मी ओपन रेटच्या शेजारी वहीत अजून दोन आकडे लिहिते, किती रिप्लाय आले आणि शनिवारी किती ब्रेड नावाने बाजूला ठेवावे लागले. राय ब्रेडच्या आठवड्यात रिप्लाय 11 आले असतील आणि ओपन रेट नेहमीइतकाच असेल, तरी ती ओळ माझ्या लेखी चांगली, पुढच्या वेळी राय आलं की तशीच लिहायची.