कंपनी स्थापन होण्याआधीचे करार: सीएसच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

माझ्याकडे नव्या कंपनीची फाईल आली की मी आधी निगमन प्रमाणपत्रावरची तारीख पाहते आणि ती फाईलच्या वरच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवते. मग फाईलमधला एकेक कागद त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, ते बघते. कंपनी कायदा २०१३च्या कलम ९ प्रमाणे प्रमाणपत्रात लिहिलेल्या तारखेपासून कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती होते, त्याआधी ती नसते. नव्याने आर्टिकलशिपला आलेली मुलं बऱ्याचदा नावाची मंजुरी आली की कंपनी झाली असं धरून चालतात. कंपनी नोंदणीच्या स्पाइस प्लस अर्जाच्या पहिल्या भागातून मिळालेली मंजुरी म्हणजे फक्त वीस दिवसांसाठी राखून ठेवलेलं नाव. त्या नावाने कोणी करारावर सही केली, तर ती कंपनीची सही होत नाही.

धंदा मात्र प्रमाणपत्राची वाट पाहत थांबत नाही. मी हाताळलेलं एक प्रकरण तपशील बदलून सांगते. दोन मित्र चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड काढत होते. ३ मे रोजी त्यांनी एका शेडच्या मालकाशी करारनामा केला: कंपनी झाल्यावर पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करायचा, भाडं महिना एक लाख वीस हजार, अनामत सहा लाख आत्ताच द्यायची. अनामत एका मित्राच्या वैयक्तिक खात्यातून गेली. सहीच्या जागी कंपनीचं प्रस्तावित नाव, खाली ‘करिता, संचालक’ आणि त्याची सही. त्याच महिन्यात एका निवृत्त इंजिनिअरशी बोलणी झाली: पाच वर्षं तांत्रिक सल्लागार म्हणून ठेवू, दरमहा ठरलेलं मानधन देऊ आणि पाच टक्के शेअर देऊ. हे त्यांनी आर्टिकल्समध्येच कलम म्हणून घालून टाकलं, म्हणजे पक्कं होईल असं त्यांना वाटलं. प्रमाणपत्र १४ जूनचं आलं. जुलैत त्याच शेडला जास्त भाडं देणारा कोणीतरी आला आणि मालक म्हणू लागला, ‘माझा करार नक्की कोणाशी झाला ते तरी सांगा.’

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं पहिलं ठोस उत्तर १८६६ च्या केल्नर विरुद्ध बॅक्स्टर या इंग्लिश निकालात मिळतं. ग्रेव्हसेंडला हॉटेलची कंपनी निघणार होती. तिच्या प्रवर्तकांनी होऊ घातलेल्या कंपनीच्या वतीने सही करून नऊशे पौंडांचा वाइन वगैरेचा साठा घेतला. कंपनी झाली, माल वापरला गेला, पैसे देण्याआधी कंपनी बुडाली. न्यायालय म्हणालं, कराराच्या वेळी जो मालक अस्तित्वातच नव्हता त्याच्या वतीने केलेला करार त्याला नंतर मागे जाऊन कायम करता येत नाही, आणि सही करणाऱ्यांनी कोणालाच बांधायचं नाही असा व्यापार केला असेल हे पटणारं नाही. म्हणून सही करणारे स्वतः जबाबदार. आपल्याकडे भारतीय करार कायद्याच्या कलम २३० मधून तेच निघतं: मालकाचं नाव सांगितलेलं असलं तरी त्याच्यावर दावा लावता येत नसेल, तर एजंट स्वतः बांधील आहे असं गृहीत धरलं जातं.

म्हणजे १४ जूननंतरही चाकणचा तो मित्र त्या करारनाम्याखाली वैयक्तिक अडकलेला होता, आणि कंपनीला त्या करारावर आपोआप काहीच हक्क मिळालेला नव्हता. ‘संचालक’ असं लिहिल्याने यातलं काही बदलत नाही. ३ मे रोजी तो कशाचाच संचालक नव्हता.

इंग्लंडमध्ये कंपनीला अशा जुन्या कराराचा आधार घेण्याची वाट बराच काळ बंद होती. आपल्याकडे ती विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ मध्ये आहे. कलम १५(ह) कंपनीला प्रवर्तकांनी केलेल्या कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी मागू देतं आणि कलम १९(इ) समोरच्या पक्षाला कंपनीविरुद्ध तीच मागणी करू देतं. अटी मोजक्याच आहेत, पण प्रत्येकीचा कागद लागतो. करार कंपनीच्या कामासाठी झालेला असावा. तो कंपनीच्या घटनेला धरून असावा. आणि कंपनीने तो स्वीकारून ती स्वीकृती समोरच्याला कळवलेली असावी.

दुसऱ्या अटीसाठी मेमोरँडम उघडावं लागतं. चाकणच्या कंपनीच्या उद्देश कलमात सुटे भाग बनवणं होतं आणि त्यासाठी जागा, इमारती, यंत्रं घेणं हेही होतं, त्यामुळे शेडचा करार त्यात सहज बसला. समजा उद्देश फक्त सॉफ्टवेअर सेवांचा असता, तर कारखान्याच्या शेडचा करार स्वीकारण्याचा ठरावच डळमळीत झाला असता. उद्देशाबाहेरचं काम सगळ्या भागधारकांनी मिळून मंजूर केलं तरी वैध होत नाही, हे ॲशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रीश या १८७५ च्या निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून मेमोरँडमचा मसुदा करताना मी प्रवर्तकांना आधी विचारते, ‘आतापर्यंत कशाकशावर सह्या केल्यात?’ आणि उद्देश कलम त्या कागदांशी ताडून पाहते. उद्देश नंतर बदलता येतात, पण त्याला कंपनी कायद्याच्या कलम १३ खाली विशेष ठराव आणि पुढची नोंदणी लागते. तेवढ्या वेळात समोरचा मागे फिरू शकतो.

तिसऱ्या अटीवर गाडी सर्वांत जास्त अडते. निगमनानंतर तीस दिवसांत पहिली संचालक मंडळाची सभा घ्यावीच लागते, आणि करार स्वीकारण्याचा ठराव तिथेच घेणं सोयीचं. आम्ही २० जूनच्या सभेत ठराव घेतला. त्यात ३ मे च्या करारनाम्याची तारीख, पक्ष आणि मुख्य अटी लिहिल्या, अनामत देणाऱ्या मित्राला सहा लाख परत देण्याचं नमूद केलं आणि मालकाला कळवण्याचा अधिकार एका संचालकाला दिला. त्या मित्राचा या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध होता, तो त्याने सभेत उघड केल्याची नोंदही इतिवृत्तात घेतली. २२ जूनला कंपनीच्या लेटरहेडवर पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. पोचपावती फाईलला लागलेली होती. जुलैत मालकाने प्रश्न विचारला तेव्हा ती पावतीच उत्तर ठरली, आणि दावा न लावता भाडेपट्टा झाला. इतिवृत्तात ठराव आहे पण समोरच्याला एक ओळही गेलेली नाही, अशा फाईली मी पाहिल्या आहेत. तशी स्वीकृती या कलमाला पुरत नाही.

आता या वाटेची मर्यादा. कंपनीने करार स्वीकारला म्हणून प्रवर्तक आपोआप सुटला, असं हे कलम म्हणत नाही. त्याला सोडवायचं असेल तर करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार करावा लागतो, ज्यात मालक, प्रवर्तक आणि कंपनी तिघांच्या सह्या असतात. चाकणमध्ये नोंदणीकृत भाडेपट्ट्यातच हे कलम घातलं. शिवाय विशिष्ट अनुतोष कायदा प्रत्येक कराराला उपयोगी पडत नाही. जो करार व्यक्तीच्या खास गुणांवर उभा आहे, त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी न्यायालय कलम १४ मुळे करून देत नाही. त्यामुळे इंजिनिअरच्या नेमणुकीला या वाटेचा आधार नव्हता.

आणि त्याचं आर्टिकल्समधलं कलम? ते मेमोरँडम-आर्टिकल्सचा परिणाम नेमका काय, या प्रश्नावर येतं. कंपनी कायद्याचं कलम १० सांगतं की नोंदणी झाल्यावर ही दोन्ही कागदपत्रं कंपनी आणि सदस्य यांना अशी बांधतात, जणू प्रत्येकाने त्यांवर सही करून ती पाळण्याचं वचन दिलं आहे. वचन कंपनी आणि सदस्य यांच्यातलं, आणि तेही सदस्य या नात्याने. बाहेरच्या माणसाला त्यावर बोट ठेवून काही मागता येत नाही. १८७६ च्या ईली खटल्यात वकील ईली यांनी स्वतःच एका विमा कंपनीची आर्टिकल्स लिहिली होती. कंपनीचे वकील ईली असतील आणि गैरवर्तनाशिवाय त्यांना काढता येणार नाही, असं कलम त्यांनी त्यात घातलं. कंपनी दुसऱ्या वकिलाकडे गेली. ईली नंतर भागधारकही झाले होते, तरी हरले, कारण वकिली हा त्यांचा सदस्य म्हणून हक्क नव्हता.

आमच्या इंजिनिअरचीही गत तीच झाली असती. पाच टक्के शेअर मिळाले तरी मानधन तो भागधारक म्हणून मागत नव्हता, सल्लागार म्हणून मागत होता. त्यातून आर्टिकल्स विशेष ठरावाने, म्हणजे मतं देणाऱ्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने, कधीही बदलता येतात. आम्ही कंपनीबरोबर त्याचा वेगळा सेवा करार केला, तारीख जूनअखेरची, आणि आर्टिकल्समधलं ते कलम काढून टाकलं. दोन ठिकाणी दोन मजकूर राहिले की भांडणात दोन्ही वाचले जातात.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास दिसते. संस्थापक आपापसात आधी करार करतात की शेअर विकायचे तर आधी एकमेकांना विचारायचं. तो करार ड्रॉवरमध्ये राहतो आणि आर्टिकल्स मात्र नमुन्यातली टेबल एफ जशीच्या तशी उचलली जातात. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन, एआयआर १९९२ सर्वोच्च न्यायालय ४५३, हा निकाल खासगी कंपनीसाठी इथे पाठ असायला हवा. कुटुंबाच्या दोन शाखांनी शेअर समान ठेवायचे, हा तोंडी समझोता होता. आर्टिकल्समध्ये नसलेलं हस्तांतरणाचं असं बंधन कंपनीलाही बांधत नाही आणि भागधारकांनाही नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पब्लिक कंपनीबाबत २०१३ च्या कायद्याचं कलम ५८(२) असा करार करार म्हणून अंमलात आणू देतं, पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक फाईली प्रायव्हेट कंपन्यांच्या असतात. म्हणून सल्लागाराला आर्टिकल्समधून बाहेर काढायचं आणि संस्थापकांच्या शेअरच्या अटी आर्टिकल्सच्या आत आणायच्या. एकाकडे ऐंशी आणि दुसऱ्याकडे वीस टक्के असतील, तर कलम ५(३) खालची दृढीकरणाची तरतूदही वापरावी, म्हणजे ती कलमं नुसत्या विशेष ठरावाने बदलता येणार नाहीत. नाहीतर ऐंशीवाला विशेष ठरावाने त्या अटी पुसून टाकेल. प्रायव्हेट कंपनीत ही तरतूद स्थापनेच्या वेळी घालणं सोपं असतं. नंतर घालायची तर प्रत्येक सदस्याची संमती लागते, आणि ऐंशीवाला ती कशाला देईल?

निगमनाआधी करार करणं टळतच नसेल, तर मी मसुद्यात कंपनीला पक्ष म्हणून घेत नाही. प्रवर्तकाचं वैयक्तिक नाव घालते आणि तीन कलमं लिहिते: कंपनी अमुक तारखेपर्यंत झाली नाही तर करार संपेल आणि अनामत परत मिळेल, कंपनी झाल्यावर नव्वद दिवसांत तिने लेखी स्वीकारलं तर ती पक्ष होईल, आणि त्या क्षणापासून प्रवर्तकाची जबाबदारी संपेल. समोरचा बहुतेक वेळा तिसऱ्या कलमाला हरकत घेतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही घेतली असती. तेव्हा प्रवर्तकाची मर्यादित हमी, समजा सहा महिन्यांच्या भाड्यापुरती, देऊन तोडगा निघतो. यंत्राची ऑर्डर असेल तर मी ॲडव्हान्स लहान ठेवायला आणि बिल कंपनीचा जीएसटी क्रमांक आल्यावरच काढायला सांगते, कारण वैयक्तिक नावावरच्या बिलाचा इनपुट क्रेडिट कंपनीला मिळत नाही. कर्ज काढून यंत्र घ्यायचं असेल तर धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा फॉर्म आयएनसी-२०ए आधी भरून घ्यावा. निगमनानंतर १८० दिवसांची मुदत असते आणि तो भरेपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, कर्जही घेता येत नाही.