पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार मुदतीआधी संपवताना: या चुका टाळा

सिंकखाली झुरळे पुन्हा दिसू लागली, तक्रारी करूनही टेक्निशियन वेळेवर येईनासा झाला आणि आला तरी दहा मिनिटांत सही घेऊन निघून जाऊ लागला, की प्रशासन विभागातील माणसाचा संयम एके दिवशी सुटतो आणि तो फोन उचलून सांगतो, "उद्यापासून तुमचा माणूस पाठवू नका." हा फोन करणाऱ्याचा राग बहुतेक वेळा रास्त असतो. त्याच्या बाजूने कागद मात्र जवळपास कधीच नसतो. नंतर आगाऊ दिलेले पैसे परत मागायची वेळ आली की हेच लोक सल्ला विचारत येतात, आणि त्यांच्या फायली उघडल्यावर त्याच त्या चुका दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक करार संपवण्याच्या कितीतरी महिने आधी होते, ती म्हणजे सर्व्हिस रिपोर्टवर न पाहता केलेली सही. पुण्यातील एका दोन मजली कार्यालयाचे प्रकरण मी जवळून पाहिले आहे, आणि ते पुरेसे बोलके आहे. वार्षिक करार ९६,००० रुपयांचा होता. दरमहा एक भेट ठरली होती, म्हणजे एका भेटीचे ८,००० रुपये पडत होते. सहा महिन्यांची रक्कम आगाऊ दिलेली होती, ती १८ टक्के जीएसटी धरून ५६,६४० रुपये. तिसऱ्या महिन्यापासून पॅन्ट्रीत झुरळांची लहान पिल्ले दिसू लागली आणि फॉल्स सीलिंगमध्ये रात्री उंदरांची खुडबुड सुरू झाली. तक्रारी झाल्या, परंतु त्या सगळ्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर, आणि तेही कंपनीच्या कचेरीकडे नव्हे, तर त्या भागाच्या सुपरवायझरकडे. पाचव्या महिन्याअखेर कार्यालयाने करार संपवला, दोन भेटी झाल्याच नाहीत असे सांगितले आणि तीन महिन्यांची रक्कम, म्हणजे करासह २८,३२० रुपये, परत मागितली.

कंत्राटदाराने उत्तरादाखल पाच सर्व्हिस रिपोर्ट पुढे ठेवले. पाचही रिपोर्टांवर सही होती, शिक्का होता आणि "काम समाधानकारक" या छापील ओळीपुढे बरोबरची खूण होती. त्यांपैकी तीन सह्या रात्रपाळीच्या वॉचमनच्या होत्या, कारण टेक्निशियन कार्यालय सुटल्यावर येत असे आणि त्या वेळी सही करायला दुसरे कोणी नसे. आपण कशावर सही करत आहोत हे त्या बिचाऱ्याला कोणीच सांगितले नव्हते. कंत्राटदाराच्या हिशेबाने पाचही भेटी झाल्या होत्या आणि परतावा निघत होता फक्त एका महिन्याचा, ९,४४० रुपये.

कार्यालयाची बाजू थोडीफार सावरली ती इमारतीच्या गेट रजिस्टरमुळे, कारण ते रजिस्टर दोघांपैकी कोणाच्याच ताब्यात नव्हते. एका महिन्यात रिपोर्टवरील तारखेला टेक्निशियनची नोंदच नव्हती. दुसऱ्या एका भेटीत आत येण्याची वेळ ५.४२ होती आणि बाहेर जाण्याची ५.५४. दोन मजल्यांची ड्रॉवर, पॅन्ट्री, स्वच्छतागृहे आणि केबलचे खाचे बारा मिनिटांत होत नाहीत, हे या कामातला कोणीही सांगेल. नोंद नसलेल्या भेटीवरचा दावा कंत्राटदाराने सोडून दिला. बारा मिनिटांची भेट मात्र सही दाखवून शेवटपर्यंत लढवली. हिशेब १८,८८० रुपयांवर मिटला.

म्हणून माझी सवय अशी आहे की सर्व्हिस रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार दोनच माणसांना द्यावा, त्यांची नावे कंत्राटदाराला ईमेलने कळवावीत आणि इतर कोणाची सही ग्राह्य धरली जाणार नाही असे त्याच ईमेलमध्ये लिहावे. रिपोर्टवर टेक्निशियनचे नाव, आत येण्याची आणि जाण्याची वेळ, कोणत्या भागात काय वापरले आणि किती वापरले, हे लिहिलेले नसेल तर सही करू नये. नुसते "पेस्ट कंट्रोल केले" एवढेच लिहिलेला कागद फक्त कंत्राटदाराच्या उपयोगाचा असतो. काम अर्धवट वाटले तर सही नाकारण्यापेक्षा सहीच्या वरच "फॉल्स सीलिंग तपासले नाही, उंदरांचे ग्लू पॅड बदलले नाहीत" असे हाताने लिहावे आणि त्या पानाचा फोटो त्याच दिवशी ईमेलने पाठवावा. याला दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे ज्यांना जड वाटतात ते नंतर दोन महिने पत्रव्यवहार करत बसतात, आणि त्यांच्याबद्दल मला आता फारशी सहानुभूती वाटत नाही.

त्याच रिपोर्टवर खाली "ग्राहकासाठी सूचना" असा एक रकाना असतो आणि तो कोणीही वाचत नाही. हुशार कंत्राटदार तिथे दर महिन्याला "सिंकखाली गळती आहे, रात्री ओला कचरा तसाच राहतो" असे लिहून ठेवतो. तुम्ही ती गळती दुरुस्त केली नसेल, तर झुरळे वाढल्याचा दोष तुमच्याच सहीने तुमच्याकडे येतो, आणि खरे सांगायचे तर तो पुष्कळदा असतोही.

दुसरी चूक, जिच्याबद्दल मी वारंवार बोलतो, ती म्हणजे नोटीस देण्याआधीच बिल अडवून ठेवणे. "काम नीट होईपर्यंत पैसे मिळणार नाहीत" हे बोलायला बरे वाटते; प्रत्यक्षात त्यामुळे करार मोडणारा पक्ष तुम्ही ठरता आणि वाईट कामाचा मूळ मुद्दा मागे पडतो. पेस्ट कंट्रोल करणाऱ्या अनेक संस्था सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या असतात, आणि तसे असेल तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. त्या कायद्यानुसार लेखी करारातही देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. याच कायद्यातील एक तरतूद मात्र ग्राहकाच्या उपयोगाची आहे. सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर देयकाची मुदत ती हरकत कंत्राटदाराने दूर केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. हरकत घेतली नाही, तर सेवा मिळाल्याचा दिवस हाच ती स्वीकारल्याचा दिवस मानला जातो. फोनवरची तक्रार इथे मोजली जात नाही. तेव्हा बिल आले की आधी त्यावर उद्यम नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे, प्रत्येक वाईट भेटीनंतर १५ दिवसांच्या आत हरकतीचा ईमेल जावा, ज्या भेटीबद्दल हरकत नाही तिचे पैसे वेळेवर द्यावेत आणि वाद असलेल्या भेटीची रक्कम वेगळी दाखवून तेवढीच रोखावी.

आता खुद्द नोटीस. बहुतेक करारांत बाहेर पडण्याच्या दोन वाटा असतात. एक म्हणजे कोणतेही कारण न देता ३० दिवसांची नोटीस, आणि दुसरी म्हणजे करारभंगाचे कारण देऊन, सुधारण्यासाठी १५ दिवसांची किंवा करारात असेल तेवढी मुदत देऊन, सुधारणा न झाल्यास करार संपवणे. घाईत लिहिलेल्या पत्रात या दोन्हींची खिचडी होते. वर दोषांची यादी, खाली "म्हणून ३० दिवसांची नोटीस देत आहोत", आणि शेवटी "आजपासून सेवा बंद". अशा पत्राला कंत्राटदार हवे ते उत्तर देऊ शकतो. माझ्या मते परतावा मागायचा असेल तरच दुसरी वाट धरावी आणि पहिल्या पत्रात करार संपवण्याची भाषा न करता केवळ तारखा, त्रुटी आणि सुधारण्याची मुदत लिहावी. परतावा किरकोळ असेल तर ३० दिवसांची साधी नोटीस देऊन, कोणताही आरोप न करता, मोकळे व्हावे. त्या ३० दिवसांतील भेट मात्र घ्यावी, कारण तिचे पैसे तुम्ही देणारच आहात.

नोटीस करारात लिहिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवरच पाठवावी, सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर नव्हे. जुन्या करारांत "रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह" असे शब्द असतात; १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोचपावती या दोन्ही सुविधा मागून घ्याव्यात. करार आपोआप नूतन होण्याचे कलम असेल, तर नोटिशीची शेवटची तारीख करारावर सही झाली त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकावी.

वाळवीच्या कामाची हमी याच करारात असेल, तर करार संपताच तीही संपते. ती वेगळी ठेवता येईल का हे आधी विचारावे. उंदरांसाठी ठेवलेल्या कुलूपबंद पेट्या बहुधा कंत्राटदाराच्या मालकीच्या असतात. त्या आणि त्यांतील विषारी आमिष त्यालाच, यादी करून, परत न्यायला लावावे. परतावा रोख घेऊ नये. जीएसटीसह क्रेडिट नोट घ्यावी आणि ती लेखा विभागाला द्यावी, कारण त्या रकमेवरील कराचे क्रेडिट घेतले असेल तर ते उलटवावे लागते.

हाउसकीपिंगचा करारही असाच मुदतीआधी संपवायचा असेल, तर त्यात आणखी एक गोष्ट आहे. शेवटचे बिल देण्यापूर्वी तुमच्या कार्यालयातील कामगारांचा शेवटचा पगार झाल्याचा पुरावा आणि त्यांची नावे असलेली पीएफ व ईएसआयची चलने मागावीत, कारण कंत्राटदाराने ही रक्कम भरली नाही तर वसुली मुख्य मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, येऊ शकते.

उरते ती नव्या कंत्राटदाराच्या घाईची चूक. जुना गेला त्याच आठवड्यात नवा येतो आणि आपले काम डोळ्यांत भरावे म्हणून पॅन्ट्रीभर फवारा मारतो. जर्मन झुरळांसाठी जुन्याने लावलेले जेल अजून बिजागऱ्यांत आणि सिंकखाली असेल, तर झुरळांना पिटाळणारा फवारा त्यावर पडल्यावर झुरळे ते खात नाहीत आणि पांगून टेबलांच्या ड्रॉवरपर्यंत पोहोचतात. शिवाय मादी अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतापर्यंत अंगावरच वागवते, एका कुपीत तीस-चाळीस पिल्ले असतात आणि कुपीतील अंडी फवाऱ्याने सहसा मरत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीनंतर झुरळे गायब झाली म्हणून खूश होऊ नये आणि दोन-तीन आठवड्यांनी पिल्ले दिसली म्हणून नव्या माणसाला लगेच हाकलूही नये. दुसरी भेट त्या सुमारास करारातच लिहून घ्यावी. नवा माणूस येण्याआधी पॅन्ट्रीत आणि स्वच्छतागृहांत चिकट सापळे लावून, त्यांत रात्रभरात किती झुरळे अडकली ते तारखेसह लिहून ठेवावे आणि तेच सापळे त्याच जागी दर महिन्याला लावावेत. हा आकडा सलग दोन महिने वाढत असेल तर तो हरकतीच्या ईमेलमध्ये जसाच्या तसा टाकता येतो. नवा करार मी वर्षभराचा कधीच करत नाही. आधी तीन महिन्यांचा करतो, पैसे भेट झाल्यावर देतो आणि आगाऊ रकमेवर मिळणारी सूट सोडून देतो.