परदेशी प्राध्यापकांना पहिला ईमेल: संशोधनाची आवड तीन वाक्यांत

"मला मृदाशास्त्रात रस आहे" एवढ्यावर पीएचडीच्या मार्गदर्शनासाठी उत्तर सहसा येत नाही. असा मेल कुणालाही पाठवता येतो.

१. केलेलं काम सांगा: "एमएस्सीच्या प्रबंधासाठी परभणीच्या काळ्या जमिनीत सोयाबीनखालचा ओलावा मोजला."
२. त्यातून उरलेला प्रश्न लिहा: "जमीन भेगाळल्यावर किती पाणी मुळांना चुकवून थेट खाली जातं?"
३. त्यांच्या अलीकडच्या एका पेपरातली नेमकी कोणती पद्धत या प्रश्नाला लागू पडेल, ते लिहा. हे वाक्य प्रत्येकासाठी नव्यानेच लिहावं लागतं. त्यासाठी नुसता गोषवारा पुरत नाही, पद्धतीचा भाग वाचा.

मग सरळ विचारा, पुढच्या वर्षी पीएचडीचे विद्यार्थी घेणार आहात का? सोबत सीव्हीची पीडीएफ जोडा.

पाठवण्याआधी त्यांचं वेबपेज जरूर बघा. काहींनी मेलच्या विषयात ठरावीक शब्द घालायला सांगितलेलं असतं. तो नसेल तर मेल वाचलाच जात नाही.