बेरीज शंभर आली तरी पाय चार्ट चुकलेला असू शकतो

मत्स्यशास्त्राच्या किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांचं प्रकल्पाचं सादरीकरण असलं की एक स्लाईड ठरलेली असते: डाव्या हाताला तक्ता, उजव्या हाताला पाय चार्ट. बहुतेक जण दोन्हीकडच्या टक्क्यांची बेरीज करतात, शंभर आली की पुढच्या स्लाईडकडे वळतात. इथेच थांबा. पाय चार्टला जेवढे आकडे दिसतात त्यांच्या बेरजेलाच तो पूर्ण वर्तुळ मानतो. एखादी ओळ त्याच्यापर्यंत पोचलीच नाही तरी वर्तुळात भोक पडत नाही. उरलेले तुकडे थोडे थोडे फुगतात आणि रिकामी जागा भरून काढतात.

उदाहरण घेऊ. समजा मिरकरवाडा बंदरावर एका दिवशी काही ठराविक होड्यांची मासळी मोजली. आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत.

| मासळी | वजन (किलो) | हिस्सा (%) |
|---|---|---|
| बांगडा | ३,१३० | ३९ |
| तारली | २,२७० | २८ |
| कोळंबी | १,२२५ | १५ |
| सुरमई | ९०० | ११ |
| पापलेट | ४७५ | ६ |
| एकूण | ८,००० | ९९ |

चार्टवर मात्र बांगडा ४२, तारली ३०, कोळंबी १६, सुरमई १२ असं दिसतंय. बेरीज बरोबर शंभर. तक्त्याची ९९. घाईत असलेला माणूस म्हणेल, चार्ट बरोबर, तक्ता चुकला. प्रत्यक्षात उलट आहे. तक्ता बरोबर आहे, त्यात फक्त पूर्णांकनामुळे एक टक्का कमी दिसतोय. चार्टमधून पापलेटच गायब आहे, आणि ८,००० ऐवजी ७,५२५ किलोला त्याने शंभर टक्के धरलंय.

हे होतं कसं? पॉवरपॉइंटमध्ये नवा पाय चार्ट घातला की सोबतच्या शीटमध्ये आधीच चार ओळी भरलेल्या असतात. त्यावर आपली नावं आणि आकडे टाकत गेलो की पाचवी ओळ त्या चार ओळींच्या चौकटीबाहेर राहू शकते. शीटमध्ये पापलेट दिसतं, त्यामुळे संशयही येत नाही. चार्टवर उजवं क्लिक करून `Edit Data` उघडा आणि निळी चौकट शेवटच्या मासळीपर्यंत पोचली आहे का ते बघा. नसेल तर तिचा कोपरा धरून खाली ओढा. लपवलेल्या ओळीही चार्टमध्ये मुळात धरल्या जात नाहीत, म्हणून एक्सेलमधून चार्ट आणला असेल तर मधली एखादी ओळ कुणी लपवली आहे का तेही बघून घ्या. आणि चौकट जास्तच ओढून ‘एकूण’ची ओळ आत घेऊ नका. तसं झालं तर अर्धं वर्तुळ त्या एकाच तुकड्याचं होतं, बाकी सगळे टक्के निम्म्यावर येतात. ही चूक निदान डोळ्यांना लगेच दिसते. चार तुकड्यांची चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक.

आता फरक पूर्णांकनाचा की खऱ्या चुकीचा, हे ओळखायचं कसं? चार्टवरचा टक्का तक्त्यातल्या एकूण वजनाला लावा. ८,००० चे ४२ टक्के म्हणजे ३,३६०. तक्त्यात बांगडा ३,१३०. फरक २३० किलोचा. पूर्ण अंकात लिहिलेला टक्का खऱ्यापेक्षा जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे होऊ शकतो, आणि ८,००० चा अर्धा टक्का म्हणजे ४० किलो. फरक ४० च्या आत असेल तर पूर्णांकन, त्याच्या वर गेला तर कुठेतरी ओळ सुटली आहे किंवा एकूणच वेगळं धरलंय. ही तपासणी प्रत्येक तुकड्याला लावायची. पाच तुकड्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत.

तक्त्यातल्या त्या ९९ ची काळजी करू नका, ती चूक नव्हे. ३९.१२५, २८.३७५, १५.३१२५ आणि ११.२५ हे चारही खाली आले, एकटं पापलेट ५.९३७५ वरून ६ वर गेलं. खाली गेलेलं जास्त, वर गेलेलं कमी, म्हणून एक टक्का हरवल्यासारखा दिसतो. एक दशांश स्थळ ठेवा: ३९.१, २८.४, १५.३, ११.३, ५.९. बेरीज १००.०. शीटमध्ये मासळी दुसऱ्या ओळीपासून आणि एकूण सातव्या ओळीत असेल तर:

```
B7: =SUM(B2:B6)
C2: =ROUND(B2/B$7*100,1)
C7: =SUM(C2:C6)
```

`C2` खाली `C6` पर्यंत ओढा. `ROUND` मुद्दाम घातलं आहे. सेलचं फक्त रूप बदलून दशांश लपवले तर आत जुनाच लांबलचक आकडा राहतो, एक्सेल त्याची बेरीज १०० दाखवतं आणि कागदावर बेरीज करणाऱ्याला ९९ मिळते. दर वेळी एक दशांश घेऊन शंभर भरेलच असंही नाही. न भरल्यास तक्त्याखाली लहान अक्षरात ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० पेक्षा किंचित वेगळी दिसू शकते’ एवढं लिहा. पुरे आहे.

‘सगळ्यात मोठ्या आकड्यात एक टाक, कोण बघतंय’ हा सल्ला अनुभवी लोकही देतात. ऐकू नका. बांगडा ४० लिहिलात की ८,००० चे ४० टक्के म्हणजे ३,२०० होतात, तक्त्यात आहेत ३,१३०. वरच्याच ४० किलोच्या कसोटीवर तुमचा आकडा पडतो. शिवाय पुढच्या आठवड्यात वजन दुरुस्त झालं की हाताने घातलेला तो एक कुणाच्याच लक्षात राहत नाही.

त्याहून वाईट म्हणजे चार्टवरच्या ४२ वर क्लिक करून तिथेच ३९ टाईप करणं. आकडा जुळतो, तुकडा मात्र आधीच्याच ४१.६ टक्क्यांचा राहतो. एका टक्क्याला ३.६ अंश, म्हणजे जवळपास ९ अंशांची तफावत. वर ते लेबल आता आकड्यांपासून तुटलं, शीट दुरुस्त केली तरी ते हलणार नाही. कुणाकडून तयार फाईल घेतली असेल तर प्रत्येक लेबलवर उजवं क्लिक करून `Reset Label Text` दिसतंय का बघा. दिसलं तर ते हाताने बदललेलं आहे, परत मूळ स्थितीत आणा.

चार्टच्या शीटमध्ये किलोच भरा, टक्के नकोत. ३९, २८, १५, ११, ६ असे टक्के भरून लेबलला `Percentage` निवडलं तर चार्ट ९९ लाच शंभर धरतो. पूर्ण अंकात कळणार नाही, पण एक दशांश दाखवला की बांगडा ३९.४ होतो आणि तक्त्यात ३९.१ असतो. किलो भरले, लेबल `Percentage` ठेवलं आणि दशांश स्थळं दोन्हीकडे सारखी ठेवली की हा घोळ उरत नाही.

एवढं सगळं करूनही आकडे जुळत नसतील आणि ओळी पाचच्या पाच असतील, तर हिस्सा कशाचा आहे ते बघा. पापलेट वजनात थोडं आणि लिलावाच्या रकमेत भरपूर असतं. तक्ता किलोचा आणि चार्ट रुपयांचा असेल तर दोन्ही शंभर भरतील, दोन्ही खरे असतील आणि एकही आकडा जुळणार नाही. अशा वेळी आकड्यांना हात लावू नका. चार्टच्या मथळ्यात ‘लिलावाच्या रकमेतला हिस्सा’ आणि तक्त्याच्या मथळ्यात ‘वजनातला हिस्सा’ असं पूर्ण लिहा, किंवा रकमेचा चार्ट उचलून वेगळ्या स्लाईडवर त्याच्या स्वतःच्या तक्त्याशेजारी ठेवा.